डबल्समधली बॅकहँड सर्व्ह: लो टाकायची की फ्लिक मारायचा, समोरचा बघून कसं ठरवता?

शटलवेडा_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या. गेल्या रविवारी आमच्या इकडच्या सोसायट्यांच्या डबल्स स्पर्धेत सेमीफायनलला हरलो, तिसऱ्या गेममध्ये २०-२२. हरल्याचं वाईट वाटतंच पण त्याहून जास्त हे खातंय की त्यातले दोन पॉइंट निव्वळ माझ्या सर्व्हवर गेले आणि दोन्ही वेळेला मी काय करायला हवं होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

समोर दोघं होते, दोघंही उजवे. एक उंच पोरगा, त्याला 'उंच' म्हणतो. तो पुढच्या सर्व्हिस लाइनच्या मागे जेमतेम चार बोटं पाय ठेवून उभा राहायचा, रॅकेट नेटच्या पट्टीच्या वर धरलेली, आणि मी मारायच्या आतच अंगावर येतोय असं वाटायचं. दुसरे पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना 'काका' म्हणतो, ते लाइनपासून चांगले दीड पाऊल मागे, पण हात असा की स्मॅश मारला की आवाज हॉलभर.

१७-१७ ला सर्व्ह माझी, विषम स्कोअर म्हणून डाव्या कोर्टातून, समोर उंच. मी टीवर लो सर्व्ह टाकली, त्याने पुढे येऊन खाली दाबली, माझ्या पार्टनरच्या पोटावर. १७-१८. मग पार्टनरच्या सर्व्हवर थोडं सावरलो, आणि २०-१९ ला मॅच पॉइंटवर परत सर्व्ह माझ्याकडे, आता उजव्या कोर्टातून, समोर काका. माझ्या डोक्यात ती मघाशी मारलेली लो सर्व्ह, म्हटलं परत नको, फ्लिक मारला कोपऱ्यात. काकांनी दोन पावलं मागे जाऊन आरामात स्मॅश मारला. २०-२०. पुढचं सांगत नाही.

बॅकहँड सर्व्ह मी तीन वर्षं करतोय, फ्लिकही येतो. प्रश्न एवढाच की कोणाला कधी काय? काही हिशोब असतो का, का प्रत्येक जण अंदाजाने मारतो?

रोहित_डोंबिवली

भाऊ सोपं आहे, निम्म्या सर्व्ह फ्लिक मारायच्या. एक लो एक फ्लिक एक लो एक फ्लिक नाही, पण एकूण निम्म्या. समोरचा कन्फ्यूज झाला पाहिजे. आणि पुढे झेपावणाऱ्यासाठी माझी एक ट्रिक आहे, रॅकेट पुढे आणायची आणि मध्येच क्षणभर थांबवायची, तो उडी मारून पुढे येतो मग शांतपणे वरून फ्लिक. आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी चालतं. फक्त शटल कमरेच्या खाली पाहिजे बाकी काही नाही.

पहाटेचं_कोर्ट

रोहित, पुढे झेपावणाऱ्याची वेळ चुकवायची हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ती ट्रिक फॉल्ट आहे. रॅकेट एकदा पुढे निघाली की शटलला लागेपर्यंत थांबता येत नाही, सलग यावी लागते. जिल्हा स्पर्धांना मी सर्व्हिस जज म्हणून बसतो, तिथे हे सगळ्यात आधी दिसतं. आणि कमरेचा नियमही आता मोठ्या स्पर्धांत नाही, २०१८ पासून जमिनीपासून १.१५ मीटरची ठरलेली उंची आहे, मारताना अख्खं शटल त्याच्या खाली हवं. उंच माणसाला त्याने त्रास झाला कारण त्याची कंबरच कधी कधी त्याच्या वर असते.

वेळ चुकवायची असेल तर ती रॅकेट हलायच्या आधी चुकवा. दोघंही तयार आहेत, तुम्ही शटल धरून उभे आहात, एकदा लगेच मारा, एकदा एक श्वास घेऊन मारा. उगाच ताणून धरलंत तर वेळकाढूपणाचा फॉल्ट मिळेल, पण एका श्वासाचा फरक चालतो आणि झेपावणाऱ्याला तेवढा पुरतो. तो तुमच्या लयीवर निघतो, शटल बघून निघत नाही.

शटलवेडा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्याकडे दोन चांगली उत्तरं होती, तुम्ही ती चुकीच्या दोन माणसांना दिलीत. उंच पुढे वजन टाकून उभा, रॅकेट वर, मागे जायला त्याला आधी थांबावं लागणार, त्याला फ्लिक मारायची जागा होती. काका दीड पाऊल मागे, म्हणजे मागची निम्मी वाट त्यांनी आधीच चाललेली, त्यांना तुम्ही वर शटल दिलंत. काकांना टीवर साधी लो सर्व्ह टाकली असती, अगदी थोडी वर गेली असती तरी ते पोचेपर्यंत शटल पट्टीच्या खाली गेलं असतं आणि त्यांना उचलावंच लागलं असतं. मॅच पॉइंटवर तुम्ही १७-१७ च्या माणसाशी खेळत होतात, समोर उभ्या माणसाशी नाही.

पण त्याआधी एक विचारतो, त्या मॅचचा व्हिडिओ आहे का? असेल तर बघून सांगा की तुमच्या लो सर्व्हचा सगळ्यात उंच बिंदू कुठे येतो, नेटच्या अलीकडे, नेटवर, का पलीकडे. मला दाट शंका आहे.

दत्ता_कोल्हापूर

मला वाटतं बॅकहँडच्या नादी लागू नये. फोरहँडने उंच, लांब सर्व्ह मारावी बेसलाइनपर्यंत, शटल डोक्यावरून सरळ खाली पडतं, समोरच्याला मागे ढकलता येतं. आम्ही शाळेच्या मैदानावर असंच खेळायचो, अजून खेळतो, प्लास्टिकच्या फुलाने.

पहाटेचं_कोर्ट

दत्ताभाऊ, ती सिंगल्सची सर्व्ह. डबल्सला मागची सर्व्हिस लाइन बेसलाइनच्या ७६ सेंटिमीटर आत असते, त्यामुळे तुमची बेसलाइनवरची सर्व्ह इकडे आउट. आत टाकली तर समोरचा निवांत खाली जाऊन उभा राहतो आणि मारतो. पण तुम्ही एक कामाचं बोललात, फ्लिक म्हणजे ती उंच लांब सर्व्ह नाही हेच बऱ्याच जणांना कळत नाही. दोन सर्व्हिस लाइनींमधली जागा सरळ मोजली तर चार मीटरही भरत नाही, ३.९६. शटल समोरच्याच्या उडी मारून वर केलेल्या रॅकेटच्या थोडं वरून जायला हवं, बास. त्याच्या वर गेलेली प्रत्येक वीत म्हणजे त्याला मिळालेला वेळ.

दत्ता_कोल्हापूर

हे ७६ सेंटिमीटरचं माहीतच नव्हतं. आमच्या मैदानावर ती रेघच मारलेली नाही. मारून घेतो.

मीनल_कोथरूड

मी मिक्स्ड खेळते, माझं वेगळंच दुखणं आहे. सगळे मलाच फ्लिक मारतात. कारण उघड आहे, मी मागे गेले की माझा पार्टनर पुढे अडकतो आणि आमची मांडणीच उलटी होते, स्मॅश मी मारणार आणि नेट तो सांभाळणार. आधी मी चिडून एक पाऊल मागे उभी राहायला लागले, तर लगेच लो सर्व्ह यायला लागल्या आणि मी प्रत्येक वेळी उचलून द्यायचे. म्हणजे दोन्हीकडून मरण.

आता मी परत पुढे उभी राहते पण फ्लिक आला की स्मॅश मारायचा हट्ट सोडला. उंचावरून ड्रॉप टाकते किंवा मधोमध दाबते आणि त्याच पावलाने पुढे येते. सांगायचा मुद्दा हा की तुमचा फ्लिक चालतोय की नाही ते फक्त पॉइंट मिळाला का यावरून बघू नका. मी कशी घेतली ते बघा. मी मागे झुकून, डोक्याच्या मागून घेतली असेल तर तुमचा फ्लिक चांगला होता, भले माझा ड्रॉप पडला असेल. मी शटलच्या मागे जाऊन दोन्ही पाय टेकवून घेतली तर मी तुम्हाला आधीच ओळखलेलं होतं.

पहाटेचं_कोर्ट

मीनलताई, याहून चांगली खूण मला सांगता येणार नाही. मुलांना मी हेच बघायला लावतो, शटल कुठे पडलं ते नंतर, समोरच्याने ते अंगाच्या पुढे घेतलं का मागे ते आधी.

डावखुरा_नाशिक

मी नेटवर झेपावणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. शटलवेडा, तुमचा उंच काय बघत असेल माहितेय का? आम्ही शटल बघतो असं तुम्हाला वाटतं, पण मी सगळ्यात आधी सर्व्ह करणाऱ्याचा अंगठा आणि कोपर बघतो. फ्लिक मारायचा ठरवलेला माणूस रॅकेट आधीच घट्ट पकडतो, अंगठ्याचं नख पांढरं पडतं, ते पांढरं पडलं की मी मागे. दुसरं, लो सर्व्हला जेवढी रॅकेट मागे घेतात त्याच्यापेक्षा फ्लिकला दोन बोटं जास्त घेतात. तिसरं तर फारच सोपं, सर्व्ह करणाऱ्याचा पार्टनर. फ्लिकची खूण झाली की पाठीमागचा माणूस मारायच्या आधीच एका बाजूला सरकायला लागतो. म्हणजे फ्लिक मारणारा काहीच चुकलेला नसतो, त्याचा पार्टनर मला ओरडून सांगत असतो.

आणि डावखुऱ्यांसमोर लोक हमखास चुकतात म्हणून सांगतो. उजव्या कोर्टात उभा उजवा खेळाडू असेल तर टी ही त्याची बॅकहँडची बाजू आणि बाहेरची लाइन फोरहँडची. डाव्या कोर्टात उलट. मी डावा, त्यामुळे माझ्यासाठी हे सगळं परत उलटं होतं. लोक सवयीने डाव्या कोर्टात बाहेरच्या कोपऱ्यात फ्लिक मारतात कारण तिथे उजव्याचा बॅकहँड असतो, आणि तिथे माझा फोरहँड असतो. ज्वाला गुट्टाचे जुने सामने बघा, ती डावी, तिच्यासमोर सर्व्ह करताना हाच विचार करावा लागत असणार. (ती जन्मली वर्ध्यात, हे आमच्या विदर्भातल्या मित्रांना सांगितलं की फार आनंद होतो.)

रोहित_डोंबिवली

ओके, थांबवायची ट्रिक बंद. पण निम्म्या फ्लिकचं काय चुकलं? समोरच्याला कळलंच नाही पाहिजे ना?

पहाटेचं_कोर्ट

रोहित, न कळणं महत्त्वाचं हे शंभर टक्के बरोबर. पण हिशोब बघा. चांगल्या लो सर्व्हनंतर समोरचा उचलतो, किंवा फार तर नेटवर ठेवतो, म्हणजे हल्ला तुमच्याकडे यायची शक्यता जास्त. चांगल्या फ्लिकनंतरसुद्धा शटल वरच असतं, तो वाकडातिकडा का होईना मारणारच, म्हणजे तुम्ही दोघं बचावाला. तुमचा सगळ्यात छान फ्लिकसुद्धा तुम्हाला बहुतेक वेळा बचावातून सुरुवात करायला लावतो. म्हणून निम्म्या सर्व्ह तशा घालवणं महाग पडतं. फ्लिक मारायचा तो त्याची टाच जमिनीला टेकावी म्हणून. उंच पहिल्या पाच सर्व्हला चार बोटांवर उभा होता आणि एका फ्लिकनंतर दोन विती मागे गेला, तर तो फ्लिक पॉइंट गेला तरी चालला, कारण पुढच्या सहा लो सर्व्ह तो उशिरा घेणार. मग तो परत हळूहळू पुढे सरकेल. सरकला की पुन्हा एक.

म्हणजे आकडा तुम्ही ठरवत नाही, त्याचा पुढचा पाय ठरवतो. काकांसारखा माणूस समोर असेल तर अख्ख्या मॅचमध्ये एकही फ्लिक नाही मारला तरी काही बिघडत नाही.

फक्त एक पथ्य. हे सगळं शटल धरायच्या आधी बघून ठरवायचं. पाय कुठे, रॅकेट वर का खाली, वजन कुठे, ठरलं, मग मान खाली आणि मारा. हात निघाल्यावर "अरे तो पुढे आला" म्हणून बदलायला गेलात की ना लो राहते ना फ्लिक, खांद्याच्या उंचीवर तरंगणारं शटल मिळतं. काही जणांना ऐनवेळी बदलता येतं, पण त्यांचे हात वेगळे, वर्षानुवर्षं रोज केलेले.

शटलवेडा_ठाणे

व्हिडिओ मिळाला, पार्टनरच्या मुलीने बाजूच्या बाकावरून काढला होता, त्यामुळे नेट बरोबर आडवं दिसतंय. पहाटेचं_कोर्ट, तुमची शंका खरी निघाली. माझ्या लो सर्व्हचा सगळ्यात उंच बिंदू जवळजवळ प्रत्येक वेळी नेटच्या पलीकडे आहे, हातभर पलीकडे. पट्टीवरून शटल वर चढत चढतच जातंय. १७-१७ वाली तर थांबवून बघितली, नेटवर शटल पट्टीपासून फार वर नाहीये, मला खेळताना ती चांगलीच वाटली होती, पण उंचच्या रॅकेटपाशी पोचली तेव्हा अजून वर होती.

आणि डावखुरा म्हणतात ते पार्टनरचंही दिसलं. २०-१९ ला मी पाठीमागे बोटाने फ्लिकची खूण केली आणि तो लगेच डावीकडे सरकला, काकांचं वजन तिथेच मागे गेलं. मी मारायच्या आधी.

आता हा उंच बिंदू अलीकडे आणायचा कसा?

पहाटेचं_कोर्ट

छान झालं, आता बोलायला काहीतरी हाताशी आहे. लो सर्व्ह पट्टीवर किती खाली गेली याच्या इतकंच महत्त्वाचं की ती पट्टीवर उतरत होती का चढत होती. उतरत असेल तर समोरचा जितका पुढे येईल तितकं शटल खाली जात राहतं आणि त्याला वरून दाबता येत नाही. चढत असेल तर तो येतो आणि शटल त्याच्या रॅकेटपर्यंत वरच येतं. तुमचा उंच तुम्ही समजता तेवढा वेगवान नसेलही, तुम्हीच त्याला शटल नेऊन देत होतात.

चढत जाण्याची कारणं बहुतेक दोन. एक म्हणजे शटल पोटाजवळ, फार खाली धरून मारणं. जितकं खालून माराल तितकं पट्टी ओलांडायला वर ढकलावं लागतं. नियमात बसेल एवढं वर आणि अंगापासून पुढे धरा, हात जवळजवळ मोकळा. पिसांच्या टोकाला अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत, नुसतं टोक. दुसरं म्हणजे मनगटाने उडवणं. लो सर्व्हला मनगट जवळजवळ गप्प असतं, रॅकेटचं तोंड सरळ पुढे सरकतं आणि अंगठ्याने एक छोटा रेटा, शटल चिमटीतून रॅकेटवर जवळजवळ ठेवल्यासारखं. मारलं असा आवाज आला तर जास्त झालं.

सरावाला नेटच्या दोन्ही खांबांना पट्टीच्या वर वीतभर अंतरावर सुतळी बांधा, शटल पट्टी आणि सुतळीच्या मधून जायला हवं. पण एवढ्याने उंच बिंदू कळत नाही, म्हणून मोबाइल बाजूला ठेवून दर वीस सर्व्हनंतर बघा. मी मुलांना आधी फक्त टीवर करायला लावतो, बाहेरची लाइन नंतर.

आणि फ्लिक याच्यातूनच निघतो. तीच चिमटी, तेवढीच रॅकेट मागे, तेच सैल बोट, फक्त अगदी शेवटच्या वीतभर अंतरात बोटं मिटतात, मनगट सुटतं आणि तोंड थोडं वर उघडतं. डावखुरा जे अंगठ्याचं नख म्हणाले ते याच्यासाठी, घट्ट पकडायचं ते शेवटी, आधी नाही. लो सर्व्ह सुधारली नाही तर फ्लिक लपवायला काही उरतच नाही, कारण तो लपतो लो सर्व्हच्याच आड.

मीनल_कोथरूड

प्रश्न: फ्लिक मारल्यावर सर्व्ह करणाऱ्याने कुठे जायचं? आमच्याकडे दर आठवड्याला यावर भांडण होतं.

पहाटेचं_कोर्ट

सर्व्ह करणारा ज्या कोर्टातून मारतो त्याच बाजूला सरळ मागे, पार्टनर दुसरी बाजू. उजव्या कोर्टातून समोरच्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात मारला तर शटल तुमच्या डावीकडे समोर आहे, त्याचा सरळ स्मॅश डावीकडे येणार, तो पार्टनरचा, कारण तो आधीपासून मागे आणि तयार आहे. तुम्हाला आडवा येणार, त्याला वाट लांब म्हणून तुम्हाला मागे सरकायला क्षणभर मिळतो. पण पार्टनरने सरकायचं ते मारल्यावर. आधी नाही.

मिक्स्डला मात्र मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही, तिथे काही जोड्या बाईला आडव्या बाजूला ठेवतात, काही तिला पुढेच ठेवतात.

डावखुरा_नाशिक

बाहेरच्या कोपऱ्यात फ्लिक मारायचा हे मला पटत नाही. उजव्या कोर्टातल्या उजव्याला बाहेर मारलात तर त्याचा फोरहँड, हात लांब करून पण तो मारतोच आणि सरळ मारायला अख्खी साइड लाइन मोकळी. टीच्या मागच्या कोपऱ्यात मारा, त्याला डोक्यावरून वळून मारावं लागतं आणि मधून मारल्यामुळे कोनही मिळत नाही.

पहाटेचं_कोर्ट

मधला कोपरा कोन कमी देतो हे खरं. पण वाटही कमी, त्यामुळे शटल त्याच्या डोक्याच्या जवळून जातं आणि उंच पोरगा ते उडी मारून मध्येच कापू शकतो. बाहेरचा कोपरा लांब पडतो, त्याला तिरकं मागे जावं लागतं. मी स्वतः उंच माणसाला बाहेर आणि बुटक्याला मध्ये असं करत आलोय, तुम्ही उलट केलं तर मी चूक म्हणणार नाही.

डावखुरा_नाशिक

मी मध्येच मारणार. पण उंच माणूस मध्ये कापतो हे मला स्वतःवरून माहितेय, मी कापतो.

रोहित_डोंबिवली

अजून एक, तो उंच मारायच्या आधीच निघतो त्याचं काय? तो पण फॉल्टच ना? आमच्याकडे कोणी देत नाही.

पहाटेचं_कोर्ट

फॉल्टच आहे. सर्व्ह होईपर्यंत रिसिव्हरचे दोन्ही पाय, कुठला तरी भाग, जमिनीवर स्थिर हवेत. पण पंच नसलेल्या मॅचमध्ये ते कोण ठरवणार, शरीर झुकणं आणि पाय सुटणं यातला फरक समोरून दिसत नाही. तुम्ही व्हिडिओ थांबवून दाखवलात तरी त्या दिवशीचा पॉइंट परत मिळत नाही. मी तरी खेळताना यावर वाद घालत नाही, एक श्वास थांबून मारतो. काही जण हे सोडून देणं म्हणजे लबाडीला मोकळीक म्हणतात, त्यांचंही मला पटतं.

शटलवेडा_ठाणे

तीन आठवड्यांनी परत आलोय. सुतळी बांधली, रोज सकाळी खेळायच्या आधी पंधरा मिनिटं फक्त टीवर लो सर्व्ह. पहिले चार दिवस निम्म्या नेटमध्ये जात होत्या, पार्टनर वैतागला. शटल अंगापासून पुढे धरायला लागल्यावर आठवडाभराने उंच बिंदू नेटच्या बरोबर वर आला, अलीकडे अजून प्रत्येक वेळी येत नाही, दहातल्या चार-पाच येतात. नायलॉनच्या शटलने तर नाहीच, ते पुढेच जातं, पिसांच्या शटलसारखं पडत नाही. म्हणून सरावाला जुनी पिसांची शटल मागून घेतली क्लबकडून.

काल त्याच सोसायटीबरोबर फ्रेंडली होती. उंच परत चार बोटांवर. पहिल्या गेममध्ये त्याला मी काहीच वेगळं केलं नाही, सगळ्या लो, टीवर, फक्त कधी लगेच कधी श्वास घेऊन. दोनदा त्याने दाबली, पण तीन वेळा पुढे येऊन त्याला पट्टीखालून उचलावं लागलं, हे आधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्या गेमला ६-५ ला समोर तो, उजव्या कोर्टात, पाय अजून पुढे. पार्टनरला आधीच सांगून ठेवलं होतं की खूण बघून हलू नको, आवाज ऐकून हल. बाहेरच्या कोपऱ्यात फ्लिक मारला. तो पुढे निघाला होता, थांबला, वळला आणि शटल त्याने डोक्याच्या मागून घेतलं, अर्धवट ड्राइव्ह, पार्टनरने नेटसमोर ठेवलं. पॉइंट मिळाला पण मी मीनलताईंनी सांगितलेलं तेच बघत होतो, शटल अंगाच्या मागे घेतलं. पुढच्या वेळी तो आला तेव्हा पाय वीतभर मागे होता.

काकांना एकही फ्लिक नाही. पण त्यांनी आता नवीन सुरू केलंय, माझी लो सर्व्ह आली की उचलत नाहीत, मधल्या जागेत, माझ्या आणि पार्टनरच्या मध्ये हळूच ढकलतात, ते धड माझं नाही धड त्याचं नाही. चार पॉइंट त्याच्यावर गेले. याला सर्व्ह बदलायची का आम्ही उभं राहायचं कुठे ते बदलायचं?

डावखुरा_नाशिक

काका भारी आहेत. एक सांगा, ते ढकलतात तेव्हा तुमची सर्व्ह बरोबर टीवर असते का थोडी बाहेर?

शटलवेडा_ठाणे

व्हिडिओ नाहीये यावेळी. आठवतं तसं, थोडी बाहेर. पुढच्या रविवारी परत आहे, तेव्हा बाकावर मोबाइल ठेवतो.